पगार शून्य, नोकरी चालू

नोकरी सोडायची नाही, पण सहा-नऊ महिने कामावर जायचं नाही, आणि कंपनीचीही त्याला हरकत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत आता अशी सबॅटिकलची सोय असते. कोणी ती पुढच्या शिक्षणासाठी घेतं, कोणी आजारी वडिलांसाठी, कोणी मुलाच्या दहावीसाठी. या काळात पगार मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेवढ्या महिन्यांचा घरखर्च लोक आधी बाजूला काढून ठेवतात, घरकर्जाच्या हप्त्यांसकट. हिशेब चुकतो तो पगाराला लगडून येणाऱ्या गोष्टींचा, कारण त्यांतल्या काही पगाराबरोबर थांबतात आणि काही थांबत नाहीत.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. १ जून २०१६ ला ती रुजू झाली. महिन्याचा पगार एक लाख, त्यात मूळ पगार पन्नास हजार. तिने १ जुलै २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी नऊ महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. एचआरने तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. एक, रजा मंजूर करून नाव मस्टरवर ठेवायचं. दुसरा, राजीनामा द्यायचा आणि एप्रिलमध्ये ‘आम्ही परत घेऊच’ या शब्दावर परतायचं. वरवर पाहता दोन्हींत ती नऊ महिने घरी आणि पगार शून्य. पण तिच्या ग्रॅच्युइटीचं काय होणार हे या निवडीवरच ठरतं.

ग्रॅच्युइटीत ‘सलग सेवा’ कशाला म्हणायचं यावरून सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलचे कामगार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ११ फेब्रुवारी १९८१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, ज्या वर्षी कामगार रजेशिवाय गैरहजर राहिला आणि प्रत्यक्ष काम २४० दिवसांहून कमी भरलं, ते वर्ष ग्रॅच्युइटीत धरता येणार नाही. हा अर्थ कामगारांना फारच महागात पडणारा होता. संसदेने १९८४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती थेट निकालाच्या तारखेपासून, म्हणजे ११ फेब्रुवारी १९८१ पासून लागू केली. तेव्हापासून रजेमुळे सेवा खंडित होत नाही. रजेशिवायची गैरहजेरीसुद्धा आपोआप खंड ठरत नाही. स्थायी आदेश किंवा सेवानियमांनुसार मालकाने तसा रीतसर आदेश काढलेला असावा लागतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच व्याख्या कायम आहे.

म्हणजे मंजुरीच्या पत्रात ‘बिनपगारी रजा मंजूर, सेवा सलग धरली जाईल’ एवढं वाक्य असलं, तर आपल्या टेस्टरबाईंचे ते नऊ महिने ग्रॅच्युइटीत मोजले जातात, त्या काळात पगार मिळाला नसला तरी. राजीनामा दिला तर काय होतं? ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता घ्यायचा, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, आणि पुन्हा सेवेच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार पन्नास हजार असताना एका वर्षाचे सुमारे २८,८४६ रुपये होतात. राजीनामा दिला तर जून २०२५ अखेर नऊ वर्षांचे साधारण २ लाख ६० हजार तिच्या हातात पडतील. परतल्यावर रुजू होण्याची तारीख नवी, त्यामुळे पाच वर्षांची अट पुन्हा पहिल्यापासून. २०३० मध्ये तिने नोकरी सोडली तर दुसऱ्या खेपेचा एक रुपयाही मिळणार नाही. समजा ती मे २०३१ पर्यंत टिकली आणि तोवर मूळ पगार ऐंशी हजार झाला. मग दुसऱ्या खेपेचे पाच वर्षांचे सुमारे २ लाख ३१ हजार मिळतील, दोन्ही मिळून ४ लाख ९० हजार. सलग सेवा असती तर पंधरा वर्षांचे ऐंशी हजारांच्या दराने सुमारे ६ लाख ९२ हजार झाले असते. हा दोन लाखांचा फरक केवळ नऊ महिने बुडाल्यामुळे पडत नाही. त्यातला बराचसा पहिल्या नऊ वर्षांना कायमचा जुना पगार चिकटतो म्हणून पडतो. २०२५ मध्ये हाती आलेली रक्कम नीट गुंतवली तर यातली बरीच तूट भरून निघू शकते हेही खरं. पण ती रक्कम पुन्हा रुजू होईपर्यंतच्या घरखर्चातच जाण्याचा संभव जास्त.

पीएफचं गणित उलटं आहे. तिथे सेवा सलग असो वा नसो, पगार नाही तर वर्गणी नाही. दरमहा तिच्या पगारातून ६,००० कापले जात, आणि कंपनीही ६,००० घालत असे. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जात आणि उरलेले ४,७५० तिच्या खात्यात. नऊ महिन्यांत पीएफ खात्यात ९६,७५० रुपये कमी जमा होतील. ही रक्कम मागाहून स्वतः भरून घेण्याची सोय नाही. ऐच्छिक जादा वर्गणीही पगारातूनच कापली जाते, त्यामुळे तोही रस्ता बंद. जुन्या शिलकेवर व्याज मात्र चालू राहतं. सध्याच्या ८.२५ टक्के दराने हे ९६,७५० वीस वर्षं राहिले असते तर सुमारे पावणेपाच लाख झाले असते. पोकळी भरायचीच असेल तर त्या वर्षी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत दीड लाखाच्या मर्यादेत पैसे टाकता येतात, पण रजेत बचतीला पैसे उरतात किती जणांकडे?

पेन्शनचं नुकसान त्यामानाने किरकोळ. पेन्शनपात्र पगाराची मर्यादा पंधरा हजार, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. म्हणजे एक पूर्ण वर्ष गेलं तरी म्हातारपणी महिन्याला २१४ रुपये कमी. शेवटी सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे नऊ महिन्यांनी कधी कधी काहीच फरक पडत नाही. फक्त दहा वर्षांच्या पात्रतेच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्यांनी जपावं.

याहून गंभीर गोष्ट पीएफसोबत येणाऱ्या विम्याची. नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि बहुतेकांना हा विमा आपल्याला आहे हेच माहीत नसतं. पूर्वी वर्गणी थांबलेल्या काळात मृत्यू झाला तर वारसाचा दावा नाकारला जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की, शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव मस्टरवरून काढलेलं नसलं, तर विमा द्यायचा. म्हणजे आपल्या टेस्टरबाईंच्या रजेचे शेवटचे महिने तरीही उघडे पडतात. घरात ती एकटी कमावती असेल तर तेवढ्या काळासाठी स्वतंत्र टर्म विमा घेतलेला बरा.

आरोग्यविमा हा पूर्णपणे कंपनीच्या मर्जीचा भाग. गटविम्यात तिचं, नवऱ्याचं, मुलांचं आणि कदाचित सासू-सासऱ्यांचंही नाव असतं. काही कंपन्या रजेतही ही नावं ठेवतात आणि हप्ता आधीच एकरकमी घेतात. काही पहिल्या महिन्यानंतर नावं काढून टाकतात. हे तोंडी विचारून भागत नाही, पत्रात लिहून घ्यावं लागतं. नावं काढली जाणार असतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांसाठी गटविम्यात काढलेला प्रतीक्षाकाळ तिथे धरला जातो. पण अर्ज गटविम्यातून नाव निघण्यापूर्वी करायला हवा. सासऱ्यांना मधुमेह असेल तर घरातल्या सगळ्या कागदपत्रांत हा अर्ज सर्वांत महत्त्वाचा.

आता वेतनवाढ. पगाराखेरीजचं सर्वांत मोठं नुकसान मला इथेच दिसतं, आणि त्याबद्दल कोणताही कायदा काही बोलत नाही. तिचं मूल्यमापनाचं वर्ष एप्रिल ते मार्च. २०२५-२६ मध्ये तिने काम केलं फक्त तीन महिने. कंपनीच्या धोरणात ‘किमान सहा महिने काम असल्याशिवाय रेटिंग नाही’ अशी ओळ असेल, तर एप्रिल २०२६ ची वाढ गेलीच. आठ टक्के वाढ धरली तर महिन्याला आठ हजार, वर्षाला ९६ हजार, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी टक्का त्या कमी पगारावरच लागणार. रजा जुलैऐवजी ऑक्टोबरमध्ये सुरू केली असती तर सहा महिने भरले असते आणि निदान रेटिंग तरी मिळालं असतं. त्यामुळे रजेची तारीख ठरवताना मूल्यमापनाचं कॅलेंडर शेजारी ठेवावं.

बढतीतही असाच प्रकार. ‘या पदावर तीन वर्षं’ अशी अट असते तेव्हा ती तीन वर्षं रुजू झाल्यापासून मोजायची की प्रत्यक्ष कामाची, हे कंपनीगणिक बदलतं. ग्रॅच्युइटीत सेवा सलग असली म्हणून बढतीतही ज्येष्ठता तशीच राहील असं समजू नये. सरकारी नोकरीत निदान हे लिहिलेलं असतं: वैद्यकीय कारणाशिवाय घेतलेली असाधारण रजा साधारणपणे वेतनवाढीसाठी धरत नाहीत. खासगी नोकरीत ते विचारूनच कळतं.

अर्जित रजेचा एक धक्का लोकांना परतल्यावर बसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरलं तरच पुढच्या वर्षी, दर वीस दिवसांमागे एक याप्रमाणे, भरपगारी रजा मिळते. २०२५ मध्ये तिचं काम सहा महिन्यांचं, म्हणजे २०२६ साठी कायद्याने रजा शून्य. बऱ्याच कंपन्या दरमहा रजा जमा करून यापेक्षा उदार वागतात, पण बिनपगारी महिन्यांत ती जमा होत नाही. थोडी शिल्लक रजा आधीच राखून ठेवली नाही, तर परतल्यावर मुलाच्या तापासाठीही पुन्हा बिनपगारी राहायची वेळ येते.

घोटाळा बहुतेकदा कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही, पगारपत्रक बनवणाऱ्या एजन्सीच्या सवयीमुळे होतो. रजेच्या काळात पीएफच्या मासिक विवरणात नाव ठेवून पगार शून्य आणि बिनवर्गणीचे दिवस ३० किंवा ३१ असं भरायचं असतं. त्याऐवजी एखादा कारकून सरळ नोकरी सोडल्याची तारीख टाकून मोकळा होतो. एप्रिलमध्ये मग त्याच कंपनीत नवा सदस्य क्रमांक निघतो आणि रेकॉर्डवर सेवा तुटते. हे पकडायला पीएफच्या सदस्य पोर्टलवर `Service History` उघडून पाहावं, रजा सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एकदा आणि परतल्यावर पुन्हा एकदा. बाहेर पडल्याची तारीख दिसत असेल तर मंजुरीचं पत्र जोडून एचआरला लगेच ईमेल करावी. दुरुस्ती कंपनीकडूनच होते आणि वेळ गेला की किचकट होते.

त्याच पानावर दुसरंही काही उघडं पडू शकतं. रजेत दुसऱ्या कंपनीचं काम धरलं आणि तिथे पीएफ कापला गेला, तर एकाच यूएएनखाली दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात. बहुतेक सबॅटिकल पत्रांत दुसरी नोकरी करायला मनाई असते. शिवाय अशा चढलेल्या तारखांमुळे पुढे पीएफ हस्तांतराचा दावाही अडू शकतो. रजेत फावल्या वेळेत काही काम करायचंच असेल तर तेही लेखी परवानगीनेच करावं.