पिल्लू येण्यापूर्वी मांजरीची सोय

घरात दहा-बारा वर्षांची भित्री मांजर असताना कुत्र्याचे पिल्लू आणायचे असेल, तर तयारीचा आरंभ मांजरीपासून करावा. पिल्लाला सारेच नवे असते; मांजरीची मात्र हक्काची जागा हिरावली जाते. अशी मांजर बहुधा भांडत नाही, लपून बसते, आणि बाहेर पडण्याच्या भीतीने खाणे व लघवी टाळते. खरा धोका इथेच असतो.

समजा, आपले घर दोन खोल्यांचे आहे. पिल्लू येण्याच्या आठवडाभर आधी आतली खोली मांजरीची ठरवावी. तिथे एका टोकाला तिचे अन्न-पाणी, दुसऱ्या टोकाला शौचाचा ट्रे ठेवावा. बसायला उंच जागा द्यावी. म्हाताऱ्या सांध्यांना एका उडीत चढवत नाही, म्हणून मध्ये एखादे स्टूल असावे.

पिल्लू आल्यावर पहिले काही दिवस दार बंदच ठेवावे. ओळख आधी वासाने व्हावी. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेले फडके मांजरीच्या खोलीत, तिच्या ताटलीपासून दूर ठेवावे आणि तिच्या अंथरुणाचा तुकडा पिल्लाला हुंगू द्यावा. फडके जवळ असतानाही ती निर्धास्त जेवू लागली, की पुढचे पाऊल टाकावे.

मग दारात जाळीचे फाटक लावावे. पिल्लू फिरून, खाऊन शांत झाले असताना त्याला पट्ट्याने धरून फाटकापासून बरेच दूर बसवावे. दोन-तीन मिनिटे पुरेत. पिल्लाने मांजरीवरची नजर काढून आपल्याकडे पाहिले, की लगेच खाऊ द्यावा. मांजरीला उचलून पुढे आणू नये. यायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे. तिचे कान मागे चपटे झाले, शेपटी फुगली किंवा ती दबून बसली, तर अंतर वाढवावे. यात काही आठवडे, क्वचित महिनेही जातात. तोवर दोघांना एकटे सोडू नये.

प्रगती ओळखायची ती मांजरीच्या ताटलीवरून आणि ट्रेवरून. ती रोज किती खाते, किती वेळा लघवी करते, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठेवावी. पूर्ण एक दिवस तिने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना दाखवावे. उपाशी मांजरीच्या शरीरातील चरबी यकृतात साठू लागते, आणि स्थूल मांजरीत हा विकार प्राणावर बेतू शकतो. घरात बोका असेल आणि तो ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.