शिफारस नाकारताना

बंगळूरच्या बनशंकरी भागात राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका मराठी बाईंची ही हकिकत आहे. त्या जयनगरमधील एका छोट्या प्रकाशन संस्थेत शालेय पुस्तकांचे संपादन करतात. घरापासून कचेरी वीस मिनिटांवर आहे, सहकारी मनाजोगते आहेत आणि सध्या त्यांच्या हाती भाषेच्या एका पुस्तकमालेचे काम आहे. पूर्वीच्या नोकरीत त्यांना काम शिकविणारे एक वयोवृद्ध वरिष्ठ आता व्हाइटफील्डमधील एका मोठ्या कंपनीत सल्लागार आहेत. मंगळवारी बनशंकरीच्या देवळापाशी दोघांची भेट झाली. लिंबाच्या सालींत दिवे लावणाऱ्या बायकांची गर्दी चुकवीत उभ्याउभ्याच सर म्हणाले, "आमच्याकडे एक चांगली जागा निघाली आहे. तुमचे नाव मी स्वतः सुचवतो."

बाई संकोचल्या आणि म्हणाल्या, "बघते, सर."

वाचकहो, येथेच चूक झाली. आपल्याकडे 'बघते' हा नकाराचा सभ्य पोशाख समजला जातो. परंतु जो मनापासून मदत करू इच्छितो, त्याला त्यात होकारच ऐकू येतो. दोनच दिवसांनी सरांचा निरोप आला, "आपले परिचयपत्र पाठवा, आणि मुलाखतीला सोयीचे दोन दिवस कळवा." असा निरोप आला की समजावे, सरांनी आपला शब्द निम्मा तरी खर्च केला आहे. याउपर मुलाखतीला जाऊन मग नकार देणे म्हणजे त्यांच्या शब्दाची किंमत कमी करणे होय. कित्येक कंपन्यांत नाव सुचविणाऱ्यास बक्षीसही मिळते. तथापि तो विचार आपण मनात आणू नये, आणि बोलण्यात तर मुळीच आणू नये.

बाईंनी आधी एक कारण शोधले, ते अंतराचे. बनशंकरीहून मेट्रोने मॅजेस्टिकला जायचे, तेथे गाडी बदलून व्हाइटफील्ड गाठायचे, म्हणजे एकेका वेळेस तासाहून अधिक प्रवास! कारण खरे होते, पण खरे असूनही ते उपयोगाचे नव्हते. सर लगेच म्हणाले असते, "आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करा." अडचण सांगितली की माया करणारा माणूस ती सोडवायला बसतो, मग आपल्याला दुसरी अडचण शोधावी लागते, आणि तिसरीपर्यंत आपण खोटे बोलू लागतो. शिवाय मूळ गोष्ट वेगळीच होती. बाईंना आहे तेथेच राहायचे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी सरांना फोन केला. असला नकार पहिल्यांदा लेखी देऊ नये. आवाजातील आदर कागदावर उतरेलच असे नाही. परंतु फोननंतर चार ओळी अवश्य लिहाव्यात, म्हणजे सरांनी ज्यांच्याकडे शब्द टाकला असेल, त्यांना ते निःशंकपणे कळवू शकतात. बाईंनी लिहिले ते असे :

"आदरणीय सर, आपण माझे नाव सुचविण्याची तयारी दाखविलीत, याचे मोल मी जाणते. मुद्रिते तपासायला आपणच शिकविलेत, म्हणून हा विश्वास मला अधिक मोठा वाटतो. परंतु मी येथे समाधानी आहे आणि हाती घेतलेली पुस्तकमाला मला पुरी करायची आहे. म्हणून या जागेसाठी माझा विचार होऊ नये, अशी विनंती आहे. त्या दिवशी मी स्पष्ट बोलले नाही, त्याबद्दल क्षमा असावी."

या पत्रात सरांच्या कंपनीविषयी बरावाईट शब्द नाही, हे ध्यानात घ्यावे. सर स्वतःच तेथे काम करतात. 'मोठ्या कंपनीची धावपळ मला नको' हे वाक्य त्यांना लागले असते. पगाराचा उल्लेख नाही, कारण तो आला की बोलणे घासाघिशीकडे वळते. 'सध्या नको' असेही त्यांनी लिहिले नाही. पहिल्या मसुद्यात तो शब्द होता, तो त्यांनी खोडला. पुस्तकमाला संपताच खरोखरच जायचे असते, तर 'सध्या' लिहून केव्हा ते सांगणे योग्य झाले असते. एरवी सर सहा महिन्यांनी पुन्हा विचारते, आणि तेव्हाचा नकार अधिक जड गेला असता.

एक मोह त्यांनी टाळला. आपल्याऐवजी एका मैत्रिणीचे नाव पत्रात घालावे, असे त्यांच्या मनात आले होते. पण मैत्रिणीला विचारलेले नव्हते, आणि सरांनी तर इतर कोणाची चौकशी केली नव्हती. या प्रस्तावाची गोष्ट त्यांनी आपल्या कचेरीतही काढली नाही. काढली असती, तर सरांच्या मायेचा उपयोग पगारवाढीसाठी केल्यासारखे झाले असते.

सरांचे उत्तर एका ओळीचे आले, "बरे झाले, वेळेवर सांगितलेत." त्यात थोडी नाराजी होती की नाही, हे बाईंना आजही ठरविता येत नाही. पुढे पुस्तकमालेचा पहिला भाग छापून आला, तेव्हा पहिली प्रत घेऊन त्या सरांच्या घरी गेल्या. सरांनी चष्मा लावला, पाने चाळली आणि अकराव्या पानावरील ऱ्हस्वदीर्घाची एक चूक पेन्सिलीने खुणावून दाखविली.