रात्रीचं चॅट संपत का नाही? आणि ते नीट संपवायचं कसं?

रात्रीचे पावणेअकरा. मी विरारला, मैत्रीण वसईत होळीला. चॅट चालू. तिला पहाटे उठून रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठायचं असतं, नाहीतर लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. तिचा मेसेज आला, "हम्म." मला वाटलं झोप आली असेल. मी 'गुड नाईट' टाकलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं. तेच सांगायला ती शब्द जुळवत होती.

याच्या उलटही होतं. दोघींनाही झोपायचं असतं, पण आधी कोण म्हणणार म्हणून साडेबारा वाजतात. अमेरिकेत अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 932 संभाषणं तपासली. त्यांचा अभ्यास 2021 मध्ये आला. दोघांनाही हवं होतं त्याच वेळी संपलेली संभाषणं अगदी मोजकी निघाली. कारण साधं आहे. समोरचा नाराज होईल म्हणून आपण मनातली वेळ सांगत नाही, आणि समोरचाही तेच करत असतो.

मग संभाषण संपतं तरी कसं? इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. फोनवरची बोलणी ऐकून त्यांनी दाखवलं की निरोप थेट येत नाही. त्याआधी चाहूल दिली जाते.

आपल्याकडे ही चाहूल म्हणजे "चला मग" किंवा "बरं, ठेवू?" हे शब्द निरोपाचे नाहीत. "माझं झालं, तुझं काही राहिलंय का?" असा त्यांचा अर्थ असतो. म्हणून तर पाहुणे "येतो" म्हणून उठतात आणि दारात चपला घालताना "अगं, एक सांगायचंच राहिलं" म्हणत पुन्हा बोलत उभे राहतात. जे सांगायला जड असतं, ते बऱ्याचदा इथेच बाहेर येतं. मी 'गुड नाईट' टाकून हा दारातला वेळच काढून घेतला होता.

फोनवर ही चाहूल आवाजावरून कळते. चॅटमध्ये आवाज नसतो. 'हम्म' म्हणजे कंटाळा, विचार की झोप, हे ओळखता येत नाही. त्यामुळे चाहूल शब्दांत द्यावी लागते. पुढच्या वेळी आम्ही असं केलं:

मी: अकराला फोन ठेवतेय गं. तुझं काही राहिलंय का?
ती: एकच. बाबांना शनिवारी घरी सोडणार म्हणे.
मी: अरे वा! मग रविवारी मी होळीला येते, बाबांना भेटायला.
ती: ये, अकरापर्यंत. चल, झोप आता.
मी: हो. गुड नाईट.
ती: गुड नाईट.

पहिला मेसेज मी अकराला दहा कमी असताना टाकला होता. ती दहा मिनिटं 'राहिलेल्या' गोष्टीसाठीच होती. ऐन अकराला लिहिलं असतं, तर तिला घाईत आवरावं लागलं असतं. एक विषय संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी लिहिलं की ते तोडल्यासारखंही वाटत नाही. मग पुढच्या भेटीचं ठरलं, म्हणजे गप्पा संपल्या तरी धागा तुटला नाही. शेवटी निरोप दोन्हीकडून आला.

गडबड बहुतेक वेळा प्रश्नचिन्हाने होते. "गुड नाईट, जेवलीस ना?" असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि त्या उत्तरातून नवा विषय निघतो. 'राहिलंय का' हा शेवटचा प्रश्न. त्यानंतर ठरवायचं ते ठरवा, पण नवं काही विचारू नका. निरोपानंतर रील आलीच, तर रिअ‍ॅक्शन पुरे. उत्तर सकाळी.

दुसरी गडबड खोट्या कारणाची. "झोपते" लिहिलं आणि पंधरा मिनिटांनी तुम्ही ऑनलाइन दिसलात, तर समोरच्याला आपल्याला टाळल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा "आता चॅट बंद करते" लिहिलेलं बरं. ते खरं असतं.

एका वेळी मात्र ही पद्धत बाजूला ठेवायची. 'राहिलंय का' याला "काही नाही, जाऊ दे" असं उत्तर आलं आणि ते तिच्या नेहमीच्या बोलण्यासारखं वाटलं नाही, तर टाइप करत बसू नका. फोन लावा. त्या रात्री मी एवढंच करायला हवं होतं.