पोकळ गोलातील शून्य

मांजरसुंब्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, प्रभारित पोकळ गोलाच्या आत प्रभारच नसतो, म्हणून तेथे विद्युत क्षेत्रही नसते, एवढे सांगितले म्हणजे पुरे नाही काय? प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर ‘पुरे नाही’ असेच द्यावे लागते.

गाऊसचा नियम एवढेच सांगतो की, कोणत्याही बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण अभिवाह आतील प्रभाराच्या प्रमाणात असतो. आणि एका अंगाने शिरलेले क्षेत्र दुसऱ्या अंगाने निघून गेले तरीही बेरीज शून्यच येते. क्षेत्रच शून्य ठरवावयाचे तर सममितीची साक्ष लागते: कवचावर प्रभार सर्वत्र सारखा असेल तरच आत कल्पिलेल्या समकेंद्री गोलाच्या प्रत्येक बिंदूशी क्षेत्राचे मान एकच व दिशा त्रिज्येचीच असते, आणि मगच शून्य बेरजेतून शून्य क्षेत्र निष्पन्न होते. काचेचा पोकळ गोल एकाच बाजूने घासला, तर त्याच्या आत क्षेत्र बेलाशक उरते.

अर्धा मीटर त्रिज्येच्या कवचावर ८३ मायक्रोकूलॉम प्रभार समप्रमाणात आहे असे धरू. पृष्ठालगत बाहेर क्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट, म्हणजे हवा फुटून ठिणगी पडण्याच्या मर्यादेवर, भरते. केंद्रापासून १ मीटरवर ते चतुर्थांश होते, आणि आत शून्य. हाच प्रभार त्याच आकाराच्या भरीव विसंवाहक गोलात सारखा भरला, तर बाहेरचा हिशेब तिळमात्र बदलत नाही. मात्र आत पाव मीटरवर प्रभाराचा आठवा व पृष्ठाचा चौथा हिस्सा येत असल्याने क्षेत्र निम्मे, १५ लाख, मिळते. भरीव गोल धातूचा असेल, तर प्रभार पृष्ठावर सरकून तो कवचासारखाच वागतो.

ट्रॉम्बे येथील ५५ लाख व्होल्टच्या व्हॅन डी ग्राफ यंत्राचे मर्म हेच होते: पट्ट्याने पोकळ घुमटात नेलेला प्रभार धातूला मिळताच बाहेरच्या पृष्ठावर जाई, मग तेथे आधीचा साठा कितीही असो.

या शून्याची खातरजमा हेन्री कॅव्हेंडिशने १७७२-७३ च्या सुमारास केली. दोन पोकळ अर्धगोलांत त्याने एक गोल बसविला, तारेने दोहोंना जोडून प्रभारित केले, रेशमी दोरीने तार काढली, अर्धगोल दूर केले, आणि आतल्या गोलाला भेंडाच्या हलक्या गोळ्या लावून पाहिले. त्या एकमेकींपासून दुरावल्या नाहीत. विद्युत बल अंतराच्या वर्गाऐवजी किंचित निराळ्या घाताने घटत असते, तर आत थोडा प्रभार उतरलाच असता. म्हणून तो घात २ पासून एक-पन्नासांशाहून अधिक ढळत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. सूक्ष्म बल मोजण्यापेक्षा शून्य ओळखणे सोपे, ही त्याची खरी सूझ. कूलॉमचे प्रयोग १७८५ चे. कॅव्हेंडिशची टिपणे मात्र मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापीपर्यंत दप्तरातच पडून राहिली, आणि नियमाला नाव कूलॉमचे लागले.