मोफतचा तांदूळ आणि विकतची डाळ : भंडारा जिल्ह्यातील आठवड्याच्या किराण्याचा हिशेब

भंडारा हा धानाचा जिल्हा असून तेथील ताटात दोन्ही वेळा भात असतो; त्यातच राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळत असल्यामुळे चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला सुमारे साडेचार किलो धान्य विनाखर्च उपलब्ध होते. पोट भरण्याचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटतो, परंतु ताटात काय कमी पडते हा प्रश्न उरतो, आणि किराण्याचा रोख पैसा नेमका तेथेच लागला पाहिजे.

शरीराची वाढ करणारे आणि झीज भरून काढणारे घटक म्हणजे प्रथिने, तर धान्याच्या सालीत व कोंड्यात असणारा, आतड्यात न पचणारा परंतु पोट साफ ठेवणारा भाग म्हणजे तंतू होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. आईवडील आणि दोन शाळकरी मुले अशा कुटुंबाची आठवड्याची गरज त्या मानाने सुमारे 1,200 ग्रॅम होते. साडेचार किलो तांदूळ त्यातील जेमतेम 360 ग्रॅम पुरवतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा आवश्यक घटक कमी असतो, तर डाळीत तो भरपूर असतो. म्हणून तीन भाग धान्याला एक भाग कडधान्य हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात, आणि वरण-भाताची जुनी जोडी याच कारणाने योग्य ठरते, मात्र वरण पातळ पाण्यासारखे नसावे.

कोणती वस्तू घ्यावी हे किलोच्या भावावरून ठरवल्यास फसगत होते. 10 ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात हे पाहणे अधिक योग्य आहे. हरभरा 80 रुपये किलो धरला, तर त्यात किलोमागे सुमारे 188 ग्रॅम प्रथिने असल्याने 10 ग्रॅम सव्वाचार रुपयांना पडतात. तूरडाळ 140 रुपये धरल्यास साडेसहा रुपयांना, अंडे 7 रुपयांचे धरल्यास साधारण 11 रुपयांना, आणि 60 रुपये लिटरच्या दुधातून 19 रुपयांना. डब्यातील प्रथिनांची पूड किलोला 2,000 रुपये असून तिच्यात 70 टक्के प्रथिने असली, तर तोच हिशेब साडेअठ्ठावीस रुपयांवर जातो. भाव बदलले तरी हा भागाकार कोणत्याही दुकानात करता येतो.

या हिशेबाने चौघांची आठवड्याची यादी अशी मांडता येते : रेशनचा तांदूळ साडेचार किलो, कणीक 2 किलो, अख्खा हरभरा 1 किलो, तूरडाळ व बरबटी प्रत्येकी अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, जवस 200 ग्रॅम, अंडी 12 आणि दूध साडेतीन लिटर. यातून सुमारे 1,250 ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्या घरी त्यांच्या जागी दीडशे ग्रॅम सोयाबीनच्या वड्या चालतात. बरबटी 110 रुपये किलो धरल्यास तिन्ही कडधान्यांना सुमारे 205 रुपये लागतात आणि त्यांतूनच प्रथिनांचा एक तृतीयांश वाटा भरतो.

तंतूंच्या बाबतीत सोललेली डाळ आणि अख्खे कडधान्य यांत मोठा फरक आहे : 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 9 ग्रॅम, तर तेवढ्याच अख्ख्या हरभऱ्यात 25 ग्रॅम तंतू असतात. म्हणून हरभरा रात्री भिजवून उसळीसाठी, बरबटी भाजीसाठी आणि जवस भाजून चटणीसाठी वापरावा. तंतू एकाएकी वाढवल्यास पोट फुगते व गुबारा धरतो. तसे झाल्यास प्रमाण निम्मे करून दोन-तीन आठवड्यांत ते हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे.

धान कापण्यापूर्वी उभ्या पिकात बी फेकून घेतली जाणारी लाखोळी हे याच भागातील स्वस्त कडधान्य आहे, परंतु तिच्यातील ओडॅप या द्रव्यामुळे, ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास, पायांचा कायमचा लुळेपणा येऊ शकतो. त्यामुळे तुरीला किंवा हरभऱ्याला पर्याय म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीने प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघताना कडधान्यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि बिस्किटे व फरसाण यांचा विचार उरलेल्या पैशांतून करावा. ज्या घरात तांदूळ मोफत येतो, त्या घरातील पहिला रुपया डाळीचा असावा.