बेचाळीस दिवसांचा हिशोब

गाय-म्हशीचा माज ठरलेल्या दिवसांनी येतो. सशाच्या मादीचं तसं नाही. नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं. म्हणजे लावणीची तारीख बऱ्याच अंशी पाळणाराच ठरवतो आणि मांसासाठीच्या ससेपालनाचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवता येतं.

न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीच्या मादीला पाच-सहा महिन्यांची झाल्यावर नर दाखवतात. न्यायचं ते मादीला नराच्या पिंजऱ्यात. आपल्या पिंजऱ्यात आलेला नर तिला खपत नाही, ती चावेसुद्धा घेते. तिची योनी लालसर-गुलाबी दिसत असेल तर ती सहसा नर घेते. फिकट असेल तर उगाच जबरदस्ती करू नये, एक-दोन दिवसांनी पुन्हा न्यावी. लावणी काही सेकंदांत उरकते. नर एका अंगावर कलंडला म्हणजे काम झालं.

समजा, चार माद्या 1 नोव्हेंबरला लावल्या. 14 तारखेच्या आसपास पोटाखालून हलक्या हातानं चाचपलं की सरावाच्या बोटांना द्राक्षांएवढ्या गाठी लागतात. लागल्या नाहीत तर मादी रिकामी समजून पुन्हा लावायची, नाहीतर महिना फुकट जातो. 29 तारखेला पिंजऱ्यात पेटी ठेवायची, कारण गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा आणि वीण 2 डिसेंबरच्या सुमाराला येणार. पेटी त्याच्या फार आधी ठेवली तर मादी ती लघवी-लेंड्यांनी घाण करते. व्याल्यानंतर अकराव्या दिवशी, 13 डिसेंबरला, तिला पुन्हा नराकडे न्यायचं. दोन लावण्यांत 42 दिवस, म्हणजे नेमके सहा आठवडे, त्यामुळे वारही तोच येतो. अर्थात हे चक्र खुराक भरपूर देणाऱ्यालाच परवडतं. मादी अंगानं उतरली असेल तर पिल्लं तोडेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं.

चार माद्या एकाच दिवशी लावण्यामागे कारण आहे. एका वेताला सहा ते आठ पिल्लं सर्वसाधारण मानतात आणि मादीला सड असतात बहुधा आठ. आता चौघींना अनुक्रमे दहा, पाच, आठ आणि सात पिल्लं झाली, तर पहिलीची दोन दुसरीकडे सरकवली की आठ, सात, आठ, सात अशी वाटणी होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सहज जमतं. पाहुणी पिल्लं त्या घरट्यातल्या केसांत मिसळून ठेवली की त्यांना तिथलाच वास लागतो आणि मादी सहसा कुरकुर करत नाही.

पिल्लं दगावतात ती मुख्यतः पहिल्या दहा दिवसांत. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमची असतात. स्वतःच्या अंगाची ऊब त्यांना धरता येत नाही. मादी पोटाचे केस उपटून घरटं करते, पण खाली कोरडा भुसा किंवा मऊ वाळलेलं गवत आपण घालायचं असतं. पहिलटकरीण कधी पेटी सोडून जाळीवरच विते. शिवाय पिल्लं पाजताना सडाला लोंबकळत पेटीबाहेर येतात. मांजर पिल्लू तोंडात धरून परत नेते, ससीण नेत नाही. म्हणून पेटीचा उंबरठा उंच हवा आणि पहाटेची एक फेरी चुकवू नये. गार पडलेलं, निपचित पिल्लू लगेच मेलं समजू नये. तळहातात किंवा कोमट कापडात धरून ऊब दिली की पुष्कळदा ते वळवळू लागतं; मग ते भावंडांत परत ठेवायचं.

मादी पिल्लांजवळ बसत नाही म्हणून नवखे पाळणारे घाबरतात. ती दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. पोट भरलं की नाही ते पिल्लूच दाखवतं: धालेल्या पिल्लाचं पोट गोल आणि पातळ कातडीतून आत पांढरं दूध दिसतं, उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली आणि हात नेला की ते तोंड वर करून धडपडतं. एखाद-दुसरंच उपाशी असेल तर गर्दीत मागे पडलेलं आहे. सगळीच उपाशी असतील तर मादीचे सड दुखरे, कडक आहेत का ते पाहायचं. पिण्याच्या पाण्यात खंड पडला तर दूध आटतं, आणि तहानलेली किंवा घाबरलेली मादी पिल्लं खाऊनही टाकते. वीण होताना कुत्रा, उंदीर आणि हौशी पाहुणे तिघांनाही शेडबाहेर ठेवावं.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. शेडमधलं तापमान बत्तीसच्या वर राहू लागलं की नराचं वीर्य बिघडतं आणि सावरायला दीड-दोन महिने घेतं. वरवर नर धडधाकट, पण माद्या रिकाम्या. तमिळनाडूत कोडाईकॅनॉलजवळच्या थंड मन्नवनूरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र ससे सांभाळतं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र एप्रिल-मेच्या लावण्या थांबवलेल्या बऱ्या. त्या दिवसांत पेटीत पिल्लं असलीच, तर ती एकमेकांपासून दूर पसरून पडतात. तेव्हा वरचे केस काढून घ्यावेत.

दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्लं पेटीबाहेर येऊन चारा कुरतडू लागतात. तीस-बत्तीस दिवसांनी, म्हणजे आपल्या उदाहरणात 3 जानेवारीच्या सुमाराला, दूध तोडायचं. 10 तारखेला पुढच्या वेताची पेटी ठेवायची असते. पिल्लं तोडताना मादीला हलवावं आणि पिल्लं काही दिवस जुन्याच पिंजऱ्यात, जुन्याच खाद्यावर ठेवावीत. जागा आणि खुराक एकदम बदलला की हगवण लागते, आणि ओल्या, लेंड्या साचलेल्या पिंजऱ्यात कॉक्सिडिओसिस फैलावतो. लेंडी मऊ दिसताच ते पिल्लू वेगळं काढून पशुवैद्यकाला दाखवावं.