शिवारातलं विज्ञान : थंडीत किडे आणि बेडूक का मंदावतात?

वैरागच्या शिवारात डिसेंबर-जानेवारीतला दिवस एकाच वेळी दोन ऋतूंचा असतो. पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो, थंडीची लाट आली की त्याहूनही खाली. दुपारी दोन वाजता मात्र तोच पारा २८-२९ अंशांवर असतो. माणूस पहाटे स्वेटर घालून दारं धरायला जातो, पण त्याच्या शरीराचं तापमान दोन्ही वेळा ३७ अंशच असतं. हरभऱ्याच्या शेंड्यावरच्या घाटेअळीला ही सोय नाही. हवा आणि ऊन तिला जितकं तापवतील, तितकीच ती तापते.

पहाटे अशा अळीला काडीने डिवचलं, तर ती सावकाश अंग आकसते आणि तशीच पडून राहते. दुपारी डिवचलं, तर पटकन वळवळते, पानावरून खाली पडते. मधल्या काही तासांत बदललं ते फक्त तापमान. पचन, श्वसन, स्नायूंचं आकुंचन ही सारी कामं रासायनिक क्रियांवर चालतात आणि तापमान १० अंशांनी उतरलं की या क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणखी गारठा वाढला, की पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा तोल ढळतो, मज्जातंतूंचे संदेश स्नायूंपर्यंत पोहोचत नाहीत आणि कीटक निपचित पडतो. तो मेलेला नसतो. ऊब वेळेत मिळाली, तर पुन्हा चालू लागतो.

या मंदपणाचा हिशेब मांडता येतो. घाटेअळीची वाढ ढोबळमानाने १२ अंशांच्या खाली थांबते, असं धरू. दिवसाच्या सरासरी तापमानातून १२ वजा केले, की त्या दिवशी अळीला मिळालेली कामाची ऊब कळते. तिला ‘अंश-दिवस’ म्हणतात. अंडं फुटायला सुमारे ४० अंश-दिवस लागतात असं समजू. ऑक्टोबरमध्ये सरासरी २७ अंश असेल, तर रोज १५ अंश-दिवस जमा होतात आणि अंडं तीन दिवसांच्या आत फुटतं. डिसेंबरमध्ये सरासरी २२ अंशांवर आली, की चार दिवस लागतात. थंडीच्या लाटेत किमान ८ आणि कमाल २६ अंश असेल, तर सरासरी १७ भरते. रोज पाचच अंश-दिवस मिळतात आणि अंड्याला आठ दिवस लागतात.

या हिशेबाला मर्यादा आहेत. पहाट १२ अंशांच्या खाली गेली तरी दुपारच्या उन्हात वाढ चालूच असते. त्यामुळे सरासरीवरून काढलेले अंश-दिवस प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी येतात. शिवाय फार कडक उन्हाळ्यात वाढ वेगाने होण्याऐवजी उलट मंदावते.

शेतकऱ्याची फसगत होते ती थंडीतल्या या मंदपणामुळेच. कामगंध सापळ्यात थंड रात्री पतंग कमी सापडतात, कारण गारठ्यात ते फारसे उडतच नाहीत. सापळा रिकामा दिसला म्हणून शिवारातले पतंग संपले असं होत नाही. विषाणूजन्य कीडनाशक, म्हणजे एचएनपीव्ही, वापरतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं. हा विषाणू पानाबरोबर अळीच्या पोटात जावा लागतो. गारठलेली अळी कमी खाते आणि तिच्या अंगात विषाणूही हळू वाढतो. म्हणून रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसायला थंडीत जास्त दिवस लागतात. तेवढा धीर न धरता दुसरी फवारणी केली, तर ती बहुधा वाया जाते.

मधमाशी या नियमातून थोडी वाट काढते. सकाळी उडण्याआधी ती पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवते आणि छाती तापवून घेते. त्यासाठी पोटातला मध खर्ची पडतो. म्हणून फार गार सकाळी माश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत आणि फुलांवरची वर्दळ ऊन चढल्यावरच दिसते.

बेडकाकडे अशी शेगडी नाही. पावसाळ्यात पिवळाधमक होऊन ओढ्याकाठी ओरडणारा मोठा बेडूक हिवाळ्यात चिखलात, भुसभुशीत मातीत शिरतो. तिथे त्याचं हृदय मंद चालतं, प्राणवायूची गरज इतकी घटते की ओलसर कातडीतून मिळणारा वायू बराचसा पुरतो आणि अंगातली चरबी महिनोन्‌महिने टिकते. वैरागसारख्या कमी पावसाच्या भागात मात्र त्याला जमिनीत ढकलणारी एकटी थंडी नसते. कातडी कोरडी पडली, तर तिच्यातून श्वास घेता येत नाही, म्हणून पाणी आटणं हेही तितकंच मोठं कारण असतं. उन्हाळा तापू लागला तरी तो बाहेर येत नाही, तो याचमुळे.

हरभरा पेरलेल्या वाचकांनी या आठवड्यात रोजचं किमान-कमाल तापमान वहीत टिपावं आणि पिकाची पाहणी पहाटे न करता ऊन चढल्यावर करावी. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तर सापळा रिकामा असला तरी उपाय लांबवू नये.